फॉलो न करणारे म्हणजे नवेच का? माझा सात महिन्यांचा सोमवारचा हिशेब

माझं इन्स्टाग्राम खातं कपडे दुरुस्तीचं आहे. रफू, काज, बिघडलेल्या चेन, झिजलेल्या कॉलरी. जानेवारी २०२४ च्या शेवटी मी इनसाइट्स, म्हणजे अ‍ॅपमधली आपल्या खात्याची आकडेवारी, उघडल्या तेव्हा तीस दिवसांच्या आकड्याखाली लिहिलं होतं की माझ्या रीचमध्ये, म्हणजे ज्यांच्यापर्यंत मी पोहोचले त्यांच्यात, ६८ टक्के लोक Non-followers, मला फॉलो न करणारे, आहेत. मी खूश झाले. म्हटलं, बघा, नवी माणसं येतायत. भाचीला स्क्रीनशॉट पाठवला. ती संख्याशास्त्र शिकते आणि कौतुक जरा जपूनच करते. तिचं उत्तर आलं, "मावशी, कशाच्या ६८ टक्के?"

तिथून सुरू झालेलं हे प्रकरण ऑगस्टपर्यंत चाललं. मधे बऱ्याच चुका झाल्या, काही नोंदी कायमच्या हातातून गेल्या. तुम्हीही फॉलोअर आणि फॉलो न करणारे या दोन आकड्यांकडे बघून बरं किंवा वाईट वाटून घेत असाल, तर माझ्या चुका वाचून तुमचे दोन-तीन महिने तरी वाचतील.

जानेवारी : टक्का वाढला आणि माणसं घटली

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला जुना स्क्रीनशॉट लागणार होता. नशिबाने ऑक्टोबर २०२३ चा एक फोनमध्ये सापडला. ऑक्टोबरात रीच ४,८०० होती. त्यात फॉलोअर १,८५० आणि फॉलो न करणारे २,९५०, म्हणजे साधारण ६१ टक्के. जानेवारीत रीच ३,८८० होती. त्यात फॉलोअर १,२४० आणि फॉलो न करणारे २,६४०. हेच ते माझे ६८ टक्के.

टक्का सातने वाढला होता आणि बाहेरची माणसं तीनशेने कमी झाली होती. मग टक्का वाढला कशाने? माझे स्वतःचे फॉलोअरच मला कमी बघत होते म्हणून. कारण आठवायला वेळ लागला नाही. नोव्हेंबरात घरात आजारपण होतं आणि मी स्टोरी टाकणं बंद केलं होतं. स्टोरी मुख्यतः आपले फॉलोअरच बघतात, त्या बंद झाल्या की फॉलोअरांची रीच खाली येते. बाकी काही न बदलताही बाहेरच्यांचा टक्का आपोआप फुगतो. मी जे यश समजत होते ते आळसाचं फळ होतं.

म्हणून त्या दिवशीच ठरवलं की टक्का लिहायचाच नाही. दोन्ही आकडे सुटे लिहायचे, माणसांच्या संख्येत.

फेब्रुवारी : वही सुरू

सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४ पासून नोंद सुरू केली. खातं व्यावसायिक असल्याशिवाय इनसाइट्स दिसत नाहीत. माझं आधीपासून तसं होतं. तुमचं नसेल तर आजच बदला, त्याला पैसे पडत नाहीत, पण बदलण्याआधीच्या पोस्टचे आकडे मागाहून मिळत नाहीत.

दर सोमवारी सकाळी Accounts reached, म्हणजे रीचचं पान, उघडायचं, तारखा आधीच्या सोमवारपासून रविवारपर्यंत हाताने निवडायच्या आणि स्प्रेडशीटमध्ये लिहायचं. फॉलोअर किती, फॉलो न करणारे किती, Profile visits किती, नवे फॉलो किती, फॉलो काढलेले किती, आणि त्या आठवड्यात मी काय टाकलं. सुरुवातीला अर्धा तास जायचा, पुढे दहा मिनिटांत होऊ लागलं. शेवटचा रकाना मला फालतू वाटला होता. नंतर सगळ्यात जास्त तोच उपयोगी पडला. तीन महिन्यांनी "हा आकडा का उडाला" असा प्रश्न पडतो तेव्हा उत्तर फक्त तिथेच असतं.

याच्याबरोबर प्रत्येक पोस्टचा वेगळा हिशेब ठेवायला घेतला, आणि तिथे पहिले तीन आठवडे वाया गेले. मी सोमवारी बसून सगळ्या पोस्टचे आकडे एकदम उतरवायची. म्हणजे एक पोस्ट सहा दिवसांची, एक दोन दिवसांची, एक कालची. कालची रील बघितली की तिची रीच जवळजवळ सगळी फॉलोअरांची दिसायची. मी निष्कर्ष काढला की रविवारच्या पोस्ट बाहेर जात नाहीत! खरं तर माझ्या रीलचा क्रमच तो होता. आधी बहुतेक फॉलोअरांना दिसते, बाहेरच्यांना दाखवणं हळूहळू वाढतं, आणि कधी कधी चौथ्या-पाचव्या दिवशी जोर धरतं. म्हणून वेगवेगळ्या वयाच्या पोस्ट शेजारी ठेवून उपयोग नाही. २६ फेब्रुवारीपासून मी फोनवर आठवण लावली आणि प्रत्येक पोस्ट बरोबर सातव्या दिवशीच मोजली. आधीच्या तीन आठवड्यांच्या ओळी लाल करून ठेवल्या. पुसल्या नाहीत, पण धरल्याही नाहीत.

मार्च : चेनवाली रील

११ मार्चला चेनची रील टाकली. चेन ओढली की रनर पुढे जातो पण मागचे दात उघडेच राहतात, हा अनुभव सगळ्यांना असतो. लोक चेनच बदलून टाकतात. बहुतेक वेळा दात ठीक असतात. रनरच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्या वापरून वापरून किंचित फाकलेल्या असतात. पकडीने आधी एक बाजू, मग दुसरी, हलकेच दाबली की दात पुन्हा एकमेकांत बसतात. जोरात दाबलं तर रनर हलत नाही किंवा तुटतो. एवढंच दाखवलं होतं, बावीस सेकंदांत.

सातव्या दिवशी त्या रीलची रीच ४१,३०० होती. फॉलोअर १,०२० आणि फॉलो न करणारे ४०,२८०. त्या आठवड्यात मी फोन दर दहा मिनिटांनी बघत होते हे इथे कबूल करते. घरच्यांनी भात करपल्यासारखं तोंड केलं, पण कोणी बोललं नाही.

त्याच पोस्टच्या इनसाइट्समध्ये खाली Follows असा आकडा असतो. त्या पोस्टवरून किती जणांनी फॉलो केलं, तो. तो होता ४६. चाळीस हजार माणसांत सेहेचाळीस.

दोन आठवड्यांनी, २५ मार्चला, मोज्याच्या टाचेला रफू कसं करायचं याचं कॅरोसेल टाकलं. आठ फोटो. भोकाच्या कडेपासून चांगल्या कापडात अर्धा सेंटिमीटर आत टाके सुरू करायचे, उभे धागे आधी, मग आडवे, एक वर एक खाली. वळताना प्रत्येक ओळीच्या टोकाला छोटा फास सैल सोडायचा, म्हणजे धुतल्यावर धागा आटला तरी रफू चुणत नाही. या पोस्टची रीच १,९६० होती. फॉलोअर ८७० आणि बाहेरचे १,०९०. फॉलो १७.

मी दोन्ही ओळींपुढे एक नवा रकाना केला, बाहेरच्या दर हजार माणसांमागे किती फॉलो. चेनला हजारामागे एक. रफूला हजारामागे पंधरा-सोळा.

आता सतरा हा आकडा लहान आहे. नुसत्या योगायोगाने तो बारा किंवा बावीस झाला असता, त्यामुळे एका पोस्टवरून पंधरा आणि अठरा यांत फरक करत बसू नका. पण एक आणि पंधरा हा फरक योगायोगाचा नव्हता. जूनपर्यंत रफूच्या आणखी तीन पोस्ट झाल्या. चारही नऊ ते अठराच्या मधे राहिल्या. चेन, बटण, अडकलेला रनर अशा झटपट युक्त्यांच्या तीन झाल्या आणि तिन्ही एक ते तीनच्या मधे. एक मर्यादा सांगून ठेवते. कुणी आज पोस्ट बघून चार दिवसांनी माझं नाव शोधून फॉलो केलं तर ते त्या पोस्टच्या खात्यात धरलं जात नाही. म्हणून हा रकाना पोस्टची आपापसात तुलना करायला चालतो, त्यावरून एकूण वाढीचा हिशेब लावू नये.

आणखी एक बाब एप्रिलमध्ये लक्षात आली. मार्चमध्ये ९७ जणांनी फॉलो केलं होतं आणि ३१ जणांनी काढलं होतं. एप्रिलमध्ये काढणारे ४४ झाले. चेनसाठी आलेल्यांना पुढे रफूच दिसत राहिलं, त्यांचा तरी काय दोष?

एप्रिल : ओळखीचं अनोळखी नाव

इथपर्यंत मी एक गोष्ट गृहीत धरली होती. फॉलो करत नाही म्हणजे नवीन. ते मोडलं एका कमेंटने.

एक बाई माझ्या जवळजवळ प्रत्येक रीलवर लिहितात. "ताई, धागा कुठल्या नंबरचा?", "ताई, हे उलट्या बाजूने दाखवा ना." एप्रिलमध्ये त्यांनी लिहिलं, "मी वर्षभर तुमचं सगळं बघते." मी आभार मानायला त्यांच्या प्रोफाइलवर गेले. त्या मला फॉलो करत नव्हत्या. कधीच केलं नव्हतं. रील समोर येत राहतात, त्या बघत राहतात, बटण दाबायची त्यांना गरज पडलेली नाही.

म्हणजे वर्षभर दर महिन्याला ही बाई माझ्या हिशेबात "बाहेरची" म्हणून येत होती आणि मी तिला दर महिन्याला नवी समजत होते. अशा किती असतील?

पहिला उपाय मी हाताने केला. महिन्याभरात कमेंट केलेल्या, पण फॉलो न करणाऱ्या साठ जणांची नावं काढली आणि प्रत्येकाने आधीच्या पोस्टवर कमेंट किंवा लाइक केलंय का ते शोधलं. दोन संध्याकाळी गेल्या. साठपैकी चौदा जण जुने निघाले. पण हा उपाय मला पुरता पटला नाही. कमेंट करणारी माणसं मुळातच जास्त परतणारी असतात. नुसतं बघून पुढे जाणाऱ्या हजारोंबद्दल त्यावरून काही कळत नाही.

भाची सुट्टीला आली होती. तिला सांगितलं तर तिने माझा बटणांचा डबा ओढला. दोन वाट्या घेतल्या. "मावशी, ही एप्रिलमध्ये भेटलेली माणसं, ही मेमधली. दोन्ही वाट्यांतली बटणं वेगवेगळी मोजून बेरीज केलीस तर जी माणसं दोन्हींत आहेत ती दोनदा मोजली जातात. पण तुझं अ‍ॅप दोन महिन्यांचा एकत्र आकडा देतं ना? त्यात प्रत्येक माणूस एकदाच. मग बेरजेतून तो एकत्र आकडा वजा कर. जे उरेल ते दोन्हीकडचे."

शाळेतले संच! छेद, संयोग, सगळं. तीस वर्षांनी कामाला आले. रीच म्हणजे वेगवेगळ्या खात्यांची संख्या, एक खातं निवडलेल्या मुदतीत एकदाच. म्हणूनच आठवड्यांच्या रीचची बेरीज महिन्याच्या रीचएवढी कधीच येत नाही. मला ती आजवर अ‍ॅपची गडबड वाटायची.

आधी तिने ते एका महिन्यावर करून दाखवलं. १ ते २८ एप्रिल, सोमवार ते रविवार असे चार पूर्ण आठवडे. माझ्या वहीत बाहेरच्यांचे चार आकडे होते १,४८०, १,२१०, १,३९० आणि १,६२०. बेरीज ५,७००. अ‍ॅपमध्ये १ ते २८ एप्रिल एकत्र निवडलं तर ४,६१०. म्हणजे एक बाहेरचा माणूस चारपैकी सरासरी सव्वा आठवडा माझ्यासमोर आला. फॉलोअरांचं तेच केलं. बेरीज ४,०५०, एकत्र १,३९०. सरासरी जवळजवळ तीन आठवडे. फॉलोअर तेच ते, बाहेरचे बहुतेक एकदाच येऊन जाणारे. ही तुलना मला कुठल्याही टक्क्यापेक्षा जास्त सांगून गेली.

जून : खरी वजाबाकी, आणि हुकलेली

मे महिना पूर्ण होईपर्यंत थांबायचं होतं. ३ जूनला बसले. १ ते २८ एप्रिल बाहेरचे ४,६१०. २९ एप्रिल ते २६ मे बाहेरचे ५,२४०. बेरीज ९,८५०. दोन्ही मुदती एकत्र, १ एप्रिल ते २६ मे, ९,०२०. वजाबाकी ८३०.

म्हणजे मेमध्ये दिसलेल्या ५,२४० बाहेरच्यांपैकी ८३० जणांना मी एप्रिलमध्येही दिसले होते. दर सहांत एक. उरलेले ४,४१० निदान एप्रिलपुरते तरी नवे. त्यातल्या कुणी मला गेल्या वर्षी बघितलं असेल तर ते यात कळत नाही. हे आकडे अ‍ॅपनेही अंदाजे म्हणूनच दिलेले असतात, म्हणून मी "साधारण आठशे" असं म्हणते. आणि मधल्या काळात कुणी फॉलो केलं तर तो एका खान्यातून दुसऱ्यात जातो. माझ्याकडे महिन्याला पन्नास-साठ असे होते, त्याने चित्र बदलत नाही. तुमच्याकडे महिन्याला हजारो नवे फॉलोअर येत असतील तर मात्र बदलेल.

हुरूप आला म्हणून फेब्रुवारी-मार्चचंही करायला गेले, चेनवाल्या रीलच्या लोकांतले किती आधीच मला बघून गेलेले होते ते बघायला. तारीख मागे जाईना. खात्याच्या इनसाइट्स तेव्हा फक्त मागचे ९० दिवस देत होत्या, आणि ३ जूनला ९० दिवस मागे म्हणजे मार्चचा पहिला आठवडा. फेब्रुवारीचे आठवड्यांचे आकडे वहीत होते, पण दोन महिन्यांचा एकत्र आकडा मागाहून कशावरूनच काढता येत नाही. त्या चाळीस हजारांत आधीचे किती होते, हे मला कधीच कळणार नाही. तुम्ही हे करणार असाल तर ५६ दिवस पूर्ण होताच त्याच आठवड्यात एकत्र आकडा उतरवून ठेवा. नंतर बघू म्हटलं की गेलंच.

त्याच महिन्यात आणखी एक माती खाल्ली. १० जूनला एका पोस्टचं तीन दिवस प्रमोशन केलं, एका चांगल्या कात्रीइतके पैसे घालून. त्या आठवड्यात बाहेरचे धाडकन वर गेले, कारण जाहिरातीतून दिसलेले लोकही खात्याच्या एकूण रीचमध्ये धरले जातात. माझ्या पोस्टने आणलेले आणि मी पैसे देऊन आणलेले एकाच आकड्यात मिसळले. नंतर ते वेगळे करून वजाबाकीत बसवणं मला जमलं नाही. तो अख्खा महिना हिशेबाबाहेर काढला. प्रमोशन करायला माझी हरकत नाही, पण मोजणीच्या मुदतीत करू नका.

दुसऱ्या खात्याबरोबर कोलॅब पोस्टचंही तसंच. भरतकाम करणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर एक केली होती. तिचे फॉलोअर माझ्यासाठी फॉलो न करणारेच. ती माणसं मला खरोखर नवी होती, नाही म्हणत नाही. पण त्यांना माझ्या मजकुराने आणलं नव्हतं, तिच्या नावाने आणलं होतं. त्या पोस्टच्या ओळीपुढे मी "उसने" लिहून ठेवलंय.

ऑगस्ट : जे मला वाटलं नव्हतं

२४ जूनपासून पुन्हा स्वच्छ मुदत सुरू केली. ना प्रमोशन, ना कोलॅब. रफूला हजारामागे पंधरा हे डोक्यात बसलेलं, म्हणून युक्त्या जवळजवळ बंद करून रफूची क्रमवार मालिका टाकली. साधं रफू, विणलेल्या कपड्यावरचं, कोपऱ्यावरचं, कोपराच्या ठिगळाखालचं. स्टोरीही परत सुरू केल्या.

२० ऑगस्टला मोजलं. २४ जून ते २१ जुलै बाहेरचे ३,३००. २२ जुलै ते १८ ऑगस्ट ३,५२०. एकत्र ५,१८०. म्हणजे दोन्हीकडचे १,६४०, आणि नवे १,८८०.

मेमध्ये नवे ४,४१० होते. निम्म्याहून कमी झाले होते. आणि इनसाइट्सच्या पहिल्या पडद्यावर काय दिसत होतं? बाहेरच्यांचा टक्का एप्रिलमध्ये ७७ होता, आता ७०. तेवढंच बघितलं असतं तर मी "थोडं इकडेतिकडे" म्हणून सोडून दिलं असतं. आत मात्र बाहेरचा जवळजवळ दर दुसरा माणूस आधीच ओळखीचा झाला होता.

ही वाईट बातमी म्हणायची का, यावर भाचीशी फोनवर बराच वाद झाला. तिचं म्हणणं, नवे कमी झाले हे स्पष्ट आहे. माझं म्हणणं, त्या चार आठवड्यांत फॉलो ७४ आले, मेमध्ये ५२ आले होते. लोक दोनदा-तीनदा बघून मग फॉलो करत होते, मालिकेने ते घडवलं. दोघींचंही बरोबर होतं. मालिका आधी डोकावून गेलेल्यांना आत आणत होती, पण दारापर्यंत नवं कुणी येत नव्हतं. तसंच चाललं असतं तर डोकावणारे संपल्यावर ७४ सुद्धा संपले असते. युक्तीवाली रील दारापर्यंत गर्दी आणते आणि त्यातलं जवळजवळ कुणी आत येत नाही. हजारामागे एक आणि हजारामागे पंधरा हे आकडे मी एकमेकांचे प्रतिस्पर्धी समजत होते. ते दोन वेगळ्या कामांचे होते.

तेव्हापासून चारात एक युक्ती टाकते. पण ती निवडताना बघते की तिच्यातून रफूकडे वाट जाते का. चेनच्या रीलला तशी वाट नव्हती. "शर्टाचं बटण तुटून कापडच फाटलं" याला आहे, कारण बटण लावण्याआधी मागून रफू करावंच लागतं.

मग पडदाच बदलला

त्याच ऑगस्टमध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलं की आता मुख्य मोजमाप Views असेल. काही आठवड्यांनी माझ्या फोनवरही बदल आला. वरच्या गोलात फॉलोअर आणि फॉलो न करणारे अजून दिसतात, पण ती विभागणी आता व्ह्यूजची आहे, माणसांची नाही. एकाच माणसाने रील तीनदा बघितली की तीन व्ह्यूज. रफूचे फोटो लोक सुई हातात घेऊन पुन्हा पुन्हा उघडतात, आणि असं उघडणारे जास्त करून माझे फॉलोअर. त्यामुळे तिथे फॉलोअरांचा वाटा माणसांत असतो त्याहून मोठा दिसतो. Accounts reached चा एकूण आकडा घेऊन त्याला व्ह्यूजच्या टक्क्याने गुणणं ही चूक मी एका सोमवारी केली आणि दुसऱ्या सोमवारी खोडली.

आता मी वजाबाकी एकूण Accounts reached वर करते, फॉलोअर आणि बाहेरचे एकत्र. आधीच्या हिशेबामुळे माझे फॉलोअर चार आठवड्यांत साधारण चौदाशे-पंधराशे पोहोचतात आणि त्यातले बहुतेक तेच असतात, हे माहीत आहे. परतणाऱ्यांतून तेवढे बाजूला काढले की उरलेले बाहेरचे जुने. सुटे आकडे मिळायचे तितकं नेमकं नाही, पण आधीच्या मुदतीपेक्षा नवे वाढले की घटले एवढं कळतं. यूट्यूबवर नवे आणि परतणारे प्रेक्षक आयते वेगळे दाखवतात, इथे वाट्या आणि बटणं घेऊन बसावं लागतं.

त्या बाईंनी परवा विचारलं, "ताई, लोकरीचा धागा आटवून घ्यायचा का आधी?" हो, कोमट पाण्यात घालून, सावलीत वाळवून, मगच वापरायचा. उत्तर लिहिल्यावर सहज त्यांच्या प्रोफाइलवर गेले. अजून फॉलो केलेलं नाही.